ट्रान्सक्रिप्ट ३८ टक्के चुकलंय, तरी वाचायला बरं वाटतं: वर्ड एरर रेट नेमका कसा मोजावा

प्रश्न: आमच्या सार्वजनिक वाचनालयाकडे जुन्या व्याख्यानमालेचे सुमारे ८० व्हिडिओ आहेत. त्यांचं मशीनकडून ट्रान्सक्रिप्ट करून घेतलं. एका व्याख्यानाची पहिली दहा मिनिटं आमच्यातल्या एकाने मशीनचाच मजकूर समोर ठेवून हाताने दुरुस्त केली आणि `jiwer` या पायथनच्या लायब्ररीने तुलना केली, तर वर्ड एरर रेट ३८ टक्के आला. मजकूर वाचताना मात्र इतका वाईट वाटत नाही. आकडा चुकीचा आहे का? किती भाग तपासला तर सगळ्या व्हिडिओंबद्दल खात्रीने काही म्हणता येईल? शब्द टाकून व्हिडिओ शोधता यावेत, एवढंच आम्हाला हवंय.

उत्तर:

`jiwer` ने हिशोब बरोबरच केला असणार. तुम्ही त्याला दोन मजकूर दिले आणि किती शब्द जुळत नाहीत ते त्याने सांगितलं. त्या ३८ मध्ये मशीनने खरोखर चुकीचे ऐकलेले शब्द किती आणि एकच शब्द दोन प्रकारे लिहिल्यामुळे झालेला फरक किती, हे त्याला कळायचं काही साधन नाही. मराठीत हा दुसरा वाटा मोठा असतो, त्यामुळे आकडा फुगतो. याच्या उलट ओढणारी गोष्टही तुमच्या पद्धतीत आहे. मशीनचा मजकूर समोर ठेवून दुरुस्ती केली की आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. त्यात नमुना एकाच व्याख्यानाचा, तोही सुरुवातीचा. व्याख्यानमालेत पहिली दहा मिनिटं बहुधा वक्ता बोलतच नाही. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, आभाराची आगाऊ यादी असं सगळं तिथे असतं. म्हणजे तुम्ही व्याख्यान मोजलंच नाही, सूत्रसंचालकाला मोजलंय.

या तीन गोष्टी सुट्या केल्या की आकड्याला अर्थ येईल. एकेक घेऊ.

आधी सूत्र, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

```
WER = (S + D + I) / N
```

`S` म्हणजे बदललेले शब्द, `D` म्हणजे गळलेले, `I` म्हणजे जादा घुसलेले आणि `N` म्हणजे तुमच्या हाताने तयार केलेल्या मजकुरातले एकूण शब्द. या हाताच्या मजकुराला मी पुढे ‘मूळ प्रत’ म्हणतो. भागाकार मूळ प्रतीच्या शब्दांनी होतो, मशीनच्या नव्हे. म्हणून हा दर १०० टक्क्यांच्या वरही जाऊ शकतो. वक्ता वीस शब्द बोलला आणि मशीनने टाळ्यांच्या आवाजात एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहून तीस शब्द जादा घातले, तर १५० टक्के. त्यामुळे ‘शंभरातून वजा केलं की अचूकता’ हे गणित सरसकट लावू नका.

आता एक वाक्य घेऊन बघू. समजा वक्ता म्हणाला, आणि मूळ प्रतीत असं उतरलं:

त्या काळात गावात दीडशे घरं होती पण शाळेसमोर एकही झाड नव्हतं

आणि मशीनने लिहिलं:

त्या काळात गावात १५० घरे होती. पण शाळे समोर एकही झाड होतं.

मूळ प्रतीत ११ शब्द आहेत. काहीही साफसफाई न करता तुलना केली तर ‘दीडशे’ आणि ‘१५०’ जुळत नाहीत, ‘घरं’ आणि ‘घरे’ जुळत नाहीत, ‘होती’ आणि पूर्णविराम चिकटलेलं ‘होती.’ जुळत नाहीत, ‘शाळेसमोर’ च्या जागी ‘शाळे’ आलं आणि वर ‘समोर’ जादा आलं, शेवटी ‘नव्हतं’ चं ‘होतं.’ झालं. पाच बदललेले, एक जादा, एकूण सहा. ६ भागिले ११ म्हणजे ५४.५ टक्के. यात माणसाला टोचणारी चूक एकच आहे, शेवटची. ती एकटी धरली तर १ भागिले ११, म्हणजे ९.१ टक्के. तुमच्या ३८ टक्क्यांचं ‘वाचायला बरं वाटतं’ हे कोडं इथेच बऱ्यापैकी सुटतं.

याच वाक्यात दुसरी गोष्टही दिसते. उरलेली एक चूक वाक्याचा अर्थ उलटा करते, पण सूत्राच्या लेखी तिचं वजन पूर्णविरामाइतकंच आहे. ते पुढे, शोधाच्या मुद्द्यावर आलो की पाहू.

साफसफाई दोन्ही मजकुरांवर अगदी एकसारखी करायची. `jiwer` आपणहून जास्तीच्या मोकळ्या जागा काढतं, पण विरामचिन्हांना हात लावत नाही. ती तुम्हालाच काढायची आहेत, आणि इथे देवनागरीसाठी दोन खड्डे आहेत. इंग्रजीसाठी लिहिलेल्या उदाहरणांत विरामचिन्हं काढायला `re.sub(r"[^\w\s]", "", s)` अशी ओळ सर्रास सापडते. पायथनच्या `re` मध्ये `\w` देवनागरी अक्षरं धरतो पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त धरत नाही. त्या ओळीतून ‘मराठी’ गेलं की ‘मरठ’ होऊन बाहेर येतं. व्हिस्पर या ट्रान्सक्रिप्ट करणाऱ्या मशीनसोबत येणाऱ्या `BasicTextNormalizer` मध्येही हाच घोळ थोड्या वेगळ्या रूपात आहे: तो युनिकोडमधली सगळी ‘मार्क’ वर्गातली चिन्हं काढून तिथे मोकळी जागा सोडतो, आणि आपल्या मात्रा नेमक्या त्याच वर्गात येतात. मग ‘घरी’, ‘घरे’ आणि ‘घरं’ हे तिन्ही नुसते ‘घर’ होतात, ‘मराठी’ चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन शब्द होतात. मात्रांच्या चुका मोजल्याच जात नाहीत, शब्दांची संख्या फुगते, आणि आकडा अकारण सुंदर दिसू लागतो. कोणी मराठीचा आश्चर्यकारक कमी दर दाखवला तर मी आधी साफ केलेल्या मजकुराच्या दोन ओळी मागतो. त्यात मात्रा दिसल्या नाहीत की पुढचं बोलायची गरज उरत नाही.

दुसरा प्रकार डोळ्याला न दिसणाऱ्या फरकांचा. ‘वऱ्हाड’ मधला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो: एकदा नुक्त्याच्या ‘ऱ’ ने, एकदा साध्या ‘र’ ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. ‘ॲ’ सुद्धा एकसंध अक्षर म्हणून किंवा ‘अ’ वर चंद्र देऊन लिहिलेला असतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, तुलनेत वेगळे ठरतात. यातलं काहीच युनिकोडच्या `NFC` रूपांतरानेही एक होत नाही, दोन्ही हातानेच बदलावे लागतात. मी वापरतो ते साधारण असं:

```python
import unicodedata, jiwer

SAME = {"घरे": "घरं", "१५०": "दीडशे", "150": "दीडशे"}
JOD = {"समोर", "साठी", "मध्ये", "पर्यंत", "प्रमाणे"}

def saaf(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = s.replace("\u0905\u0945", "\u0972")
    s = s.replace("\u200c", "").replace("\u200d", "")
    s = "".join(" " if unicodedata.category(c)[0] in "PS"
                else c for c in s)
    out = []
    for w in s.split():
        w = SAME.get(w, w)
        if w in JOD and out:
            out[-1] += w
        else:
            out.append(w)
    return " ".join(out)
```

`JOD` मधले शब्द आधीच्या शब्दाला चिकटवले आहेत, कारण मराठीत शब्दयोगी अव्ययं जोडून लिहायची आणि मशीन ती हमखास तोडतं. प्रत्येक तुटीमागे दोन चुका पडतात, एक बदल आणि एक जादा. ‘समोर’ हा सुटाही येतो, ‘समोर बघा’ मध्ये. पण दोन्ही बाजूंना तोच नियम लागल्याने बिघडत नाही. ‘बरोबर’ मात्र मी या यादीत घालत नाही. ‘तुमचं म्हणणं बरोबर आहे’ मधला ‘बरोबर’ मागच्या शब्दाला चिकटला तर वाचताना आपलाच गोंधळ होतो.

`SAME` ची यादी कुठून आणायची? आधी ती रिकामी ठेवून तुलना चालवा, सगळ्यात जास्त वेळा आलेल्या बदलांच्या जोड्या काढा आणि वरच्या शंभरेक जोड्या माणसाने वाचून काढा. ‘व्हिडिओ’ आणि ‘व्हिडीओ’, ‘केलं’ आणि ‘केले’, रोमन लिपीत आलेला इंग्रजी शब्द आणि त्याचं देवनागरी रूप, या जोड्या यादीत जातात. ‘होतं’ आणि ‘नव्हतं’ जात नाहीत, ती खरी चूक आहे. ‘केलं’ आणि ‘केले’ ही जोडी तर विचारपूर्वक ठरवायची. ‘त्यांनी काम केले’ मध्ये ते नुसतं लेखी रूप आहे, पण ‘त्यांनी प्रयोग केले’ मध्ये अनेकवचन आहे. शोधासाठी तुम्हाला हा फरक नको आहे, तेव्हा खुशाल एक करा. व्हिडिओवर उपशीर्षकं म्हणून हाच मजकूर दाखवायचा असता तर मी सुटी ठेवली असती. एक गोष्ट मात्र टाळा: सगळे ऱ्हस्व-दीर्घ एका झटक्यात एक करणं. ‘दिन’ आणि ‘दीन’ एक झाले की खऱ्या चुकाही त्यात विरघळतात.

यादी कितीही काळजीने केली तरी ती तुमच्या निर्णयांची यादी आहे. म्हणून साफसफाईआधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही आकडे लिहून ठेवायचे. दोन मशीनची तुलना करायची असेल तर यादी दोघांच्या चुका बघून करा. एकाच्याच लकबी माफ केल्या की दुसऱ्यावर अन्याय होतो.

आता मूळ प्रतीकडे. माझ्या मते तुमच्या मोजणीतली सर्वांत कच्ची बाजू ही आहे.

मशीनचा मजकूर समोर असताना कान आधी डोळ्यावर विश्वास ठेवतात. वक्ता ‘तसं तर ते म्हणायचेच’ म्हणाला आणि पडद्यावर ‘तसे ते म्हणायचे’ असेल, तर दुरुस्ती करणारा बहुतेक वेळा पुढे जातो, कारण वाक्य नीट लागतंय. ‘तर’, ‘च’, ‘ना’, ‘म्हणजे’ असे शब्द, वक्त्याने अडखळून दोनदा उच्चारलेला शब्द, बोलीतलं रूप, मशीनने गुळगुळीत केलेला शेवट, हे सगळं असंच निसटतं. अस्पष्ट जागी तर हमखास मशीनचाच अंदाज मूळ प्रतीत शिरतो. दुसऱ्या मशीनला याच प्रतीवर तपासलंत तर ते विनाकारण मागे दिसेल, कारण प्रत पहिल्याच्या वळणाची आहे.

याचा अर्थ दुरुस्तीची पद्धत टाकून द्यायची असा नाही. ती कितीतरी पटीने स्वस्त पडते. फक्त तिचा झुकाव किती आहे ते मोजायचं. नमुन्यातले चौथा हिस्सा तुकडे अशा माणसाला द्या ज्याने मशीनचा मजकूर पाहिलेलाच नाही, आणि त्याला नुसतं ऐकून लिहू द्या. मग त्याच तुकड्यांवर मशीनचा दर दोनदा काढा, एकदा दुरुस्त केलेल्या प्रतीशी, एकदा ऐकून लिहिलेल्या प्रतीशी. समजा पहिला १४ आला आणि दुसरा १९. मग बाकीच्या तुकड्यांचा दरही पाचेक टक्के कमीच दिसत असणार हे धरून चालायचं. फरक एखाद्या टक्क्याचा असेल तर दुरुस्तीवर निर्धास्त राहा.

ऐकून लिहिलेली प्रत आणि दुरुस्त केलेली प्रत यांचीही आपसात तुलना करा, आणि ज्या जागी ती दोन माणसं वेगळी पडतात तिथे तिसऱ्याला ऐकायला लावा. माणसांमधलाही मतभेद शून्य नसतो. इंग्रजी टेलिफोन संभाषणांच्या स्विचबोर्ड या प्रसिद्ध संचावर मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१६ मध्ये व्यावसायिक लेखनिकांचा दर ५.९ टक्के मोजला. आयबीएमने २०१७ मध्ये त्याच संचावर जास्त काटेकोरपणे लिहून घेतलं तर तो ५.१ भरला. तुमच्या हॉलमधल्या रेकॉर्डिंगवर दोन माणसांत ६ टक्के फरक पडत असेल, तर मशीनचा ७ आणि ८ यांतला फरक बघत बसू नका.

लिहिणाऱ्यांना आधी एक पानभर नियम द्या, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या वळणाने लिहील. नियम साधे असतात: संख्या अक्षरात, इंग्रजी शब्द देवनागरीत, ‘अं’ आणि ‘ऊं’ लिहायचे नाहीत, अडखळून दोनदा आलेला शब्द एकदाच, बोलीचं रूप जसंच्या तसं, न कळलेल्या जागी ठरावीक खूण. बहुतेक मशीन अडखळणं स्वतःहून गाळतात. ते मूळ प्रतीत ठेवलंत तर प्रत्येक ‘अं’ मागे एक गळलेला शब्द मोजला जाईल, आणि तुम्हाला तर ‘अं’ शोधायचा नाही. न कळलेल्या जागेचं काय करायचं तेही आधीच ठरवा. मी तो तुकडा त्या खुणेपाशी तोडतो आणि खुणेच्या दोन्ही बाजूंचं मशीनचं लिखाण वेळेनुसार लावून घेतो. तो अंदाज माणसालाही जमलेला नसतो, तेव्हा मशीनला त्याचे गुण-दोष देण्यात अर्थ नाही. पण अशी किती सेकंदं वगळली ते लिहून ठेवतो.

नमुना किती घ्यायचा, हे शब्दांच्या संख्येपेक्षा वक्त्यांच्या आणि रेकॉर्डिंगच्या विविधतेवर जास्त अवलंबून असतं. एका वक्त्याची चाळीस मिनिटं घेतलीत तर हजारो शब्द मिळतील, पण माहिती एका माइकची, एका गळ्याची आणि एका विषयाचीच. तेवढीच मेहनत ४० वेगवेगळ्या व्हिडिओंतून एकेक मिनिट घेऊन केलीत तर संग्रहाचं चित्र उभं राहतं. व्याख्यानाच्या गतीने मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरले तर चार-पाच हजार शब्द होतात, आणि वाचनालयातली चार-पाच माणसं ते काम दोन रविवारांत करू शकतात.

वेळ निवडताना हात लावू नका, संगणकाकडून यादृच्छिक सेकंद काढून घ्या. माणूस नकळत ‘इथे जरा स्पष्ट आहे’ म्हणत सरकतो. आलेला सेकंद वाक्याच्या मधोमध असेल तर मागच्या विरामापर्यंत जा, नाहीतर कडेचे अर्धवट शब्द चुकांत मोजले जातात. आणि मशीनला तो एक मिनिटाचा तुकडा सुटा देऊ नका. पूर्ण व्हिडिओचं ट्रान्सक्रिप्ट आहे त्यातूनच वेळेनुसार तेवढा मजकूर उचला. सुट्या तुकड्यावर मशीन वेगळं वागतं, मागचा संदर्भ नसल्यामुळे कधी वाईट, आणि लांब रेकॉर्डिंगमध्ये भरकटायची सवय असेल तर कधी चांगलं. तुम्हाला जो मजकूर वापरायचा आहे तोच मोजा.

श्रोत्यांचे प्रश्न हा वेगळा गट करा. माइकशिवाय मागच्या रांगेतून आलेला प्रश्न मशीन अख्खाच्या अख्खा गिळतं, आणि ते सगळं सरासरीत मिसळलं की वक्त्याबद्दलचा आकडाही गढूळ होतो.

बेरीज करताना तुकड्यांच्या दरांची सरासरी काढू नका. समजा एका तुकड्यात ३०० शब्द आणि ३० चुका, म्हणजे १० टक्के. दुसऱ्यात १०० शब्द आणि ५० चुका, म्हणजे ५० टक्के. दरांची सरासरी ३० येते, पण ४०० शब्दांत ८० चुका म्हणजे खरा दर २०. तुकड्यांच्या याद्या एकत्र दिल्या की `jiwer` ही बेरीजच करतं:

```python
out = jiwer.process_words([saaf(r) for r in refs],
                          [saaf(h) for h in hyps])
print(out.wer, out.substitutions, out.deletions, out.insertions)
print(jiwer.visualize_alignment(out))
```

खात्रीचा पल्ला काढायला मी तुकडेच पुन्हा पुन्हा उचलतो. ४० तुकड्यांतून, उचललेला परत ठेवत, ४० वेळा चिठ्ठी काढायची, त्या संचाचा दर काढायचा, आणि हे हजार वेळा करायचं. आलेले हजार दर लहान-मोठे लावून खालचे आणि वरचे अडीच-अडीच टक्के सोडले की मधला पल्ला मिळतो. शब्द नव्हे, तुकडे उचलायचे, कारण एका तुकड्यातल्या चुका एकमेकींच्या सख्ख्या असतात. माइक खराब तर सगळंच खराब. समजा पल्ला १२ ते २२ आला. १२ असला तरी आणि २२ असला तरी तुम्ही तेच करणार असाल, तर आणखी तुकडे लिहीत बसायचं कारण नाही. निर्णय बदलत असेल तरच नवीन व्हिडिओंतून आणखी घ्या.

आकडा हाती आला की `visualize_alignment` ने छापलेली मांडणी वाचा, शब्दाखाली शब्द लावलेली. त्याखेरीज तीन संख्यांचा अर्थ लागत नाही. गळलेले शब्द खूप आणि सलग असतील तर मशीनने तो भाग बोलणं म्हणून ओळखलाच नाही: लांबचा आवाज, दोघं एकदम बोलणं, किंवा मध्येच म्हटलेली कविता. जादा शब्द झुंडीने आले असतील तर तिथे टाळ्या, संगीत किंवा शांतता शोधा. तिथे मशीन न बोललेली वाक्यं लिहितं. असा तुकडा नमुन्यात आला आणि मूळ प्रत रिकामी निघाली तर एकट्याचा दर काढताच येत नाही, शून्याने भागावं लागतं. पण तो टाकू नका, एकूण बेरजेत त्याचे जादा शब्द मोजले गेले पाहिजेत. बदललेले शब्द सगळीकडे विखुरलेले असतील तर मात्र भाषा, बोली आणि नावं यांचा प्रश्न आहे.

आणि नावांपाशीच तुमचं खरं काम आहे. वाचक ‘आणि’ किंवा ‘होते’ टाकून शोधणार नाही. तो ‘आगरकर’, ‘सत्यशोधक’, ‘पानशेत’ असं काहीतरी टाकेल. एकूण दर १५ टक्के असूनही हेच शब्द निम्मे चुकलेले असू शकतात, कारण नेहमीचे शब्द मशीनने भरपूर ऐकलेले असतात आणि अशी नावं कमी. म्हणून मूळ प्रतीतली व्यक्ती, गावं, संस्था, ग्रंथ आणि विषयाच्या संज्ञा यांच्यावर खुणा करा आणि त्यातली किती मशीनच्या मजकुरात त्याच जागी बरोबर आली ते सुटं मोजा. ‘र. धों. कर्वे’ हे एक नाव धरा, तीन शब्द नाही. समजा ६० पैकी ३३ आली, तर ५५ टक्के. शोधाच्या दृष्टीने मला हा आकडा एकूण दरापेक्षा जास्त सांगतो. याला एक दिलासाही आहे: मुख्य विषयाचं नाव व्याख्यानात अनेकदा येतं आणि शोधायला ते एकदा बरोबर उतरलं तरी पुरतं. अडचण होते ती ओघात एकदाच आलेल्या नावांची.

तुमच्याकडे व्याख्यानमालेच्या छापील पत्रिका आणि अहवाल असतील, तर प्रत्येक व्याख्यानाच्या नावांची यादी तिथून करा. काही मशीनला अशी यादी आधी देता येते, नाहीतर स्वयंसेवकांनी तेवढीच नावं मजकुरात दुरुस्त करावीत. सगळं ट्रान्सक्रिप्ट सुधारत बसण्यापेक्षा शोध यानेच लवकर सुधारेल. हे करताना नमुन्यातले ४० तुकडे वेगळे ठेवा. त्यांतली नावं बघून यादी केलीत आणि मग त्याच तुकड्यांवर पुन्हा मोजलंत, तर ५५ चे ९० होतील आणि बाकीच्या मजकुरात मात्र तसं झालेलं नसेल.